कुठेही चालेल, पण कीडच हवी

ऑनलाइन कार्यशाळेला पन्नास माणसं जमली की त्यांतली तीन बोलतात, चाळीस कॅमेरा बंद करून पोळ्या लाटतात आणि उरलेली सात ‘आवाज येतोय का?’ एवढंच विचारत राहतात. यावरचा उपाय म्हणून ब्रेकआउट रूम निघाल्या. मोठ्या सभेतून पाच-सहा, पाच-सहा माणसं उचलायची आणि छोट्या छोट्या खोल्यांत बसवायची. तिथे पोळ्या लाटता येत नाहीत, कारण सहांतला एक गप्प बसला की उरलेल्या पाचांना ते लगेच कळतं.

कोणी कुठल्या खोलीत बसायचं हे ठरवणारं माणूस मात्र कुणाला दिसत नाही. आमच्या गच्चीबाग मंडळात ते माणूस मी आहे. बाकीच्यांना माती कळते, मला एक्सेल कळतं, एवढ्या पात्रतेवर हे काम माझ्या गळ्यात पडलं. मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष दरवेळी म्हणतात, “अहो, त्यात काय एवढं? बटण आहे ना!”

बटण आहे, हे खरं. झूममध्ये `Assign automatically` निवडलं, खोल्यांची संख्या टाकली, की हजर असलेल्या माणसांची समान वाटणी क्षणात होते. ३६ माणसं आणि सहा खोल्या असतील तर प्रत्येकीत सहा. वाटणीत कुणाला नाव ठेवायला जागा नाही. फक्त बटणाला हे माहीत नसतं की या बाईंच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडलाय आणि त्या गेले आठ दिवस नीट झोपलेल्या नाहीत. बटण त्यांना ठिबक सिंचनावर बोलायला पाठवतं. तिथे एक निवृत्त इंजिनिअर त्यांना नळीचा व्यास समजावून सांगतात. बाई ‘हो का’ म्हणतात. २५ मिनिटं ‘हो का’ म्हणणं फार जड जातं.

गेल्या कार्यशाळेला ५२ जणांनी नाव नोंदवलं होतं. त्यांची नावं बटणाच्या हवाली केली असती, तर सरासरीने १५ जण मनासारख्या खोलीत पडले असते. बाकीचे ३७ इकडे तिकडे. तीच नावं घेऊन तासभर एक्सेलसमोर बसलं तर हा १५ चा आकडा ४९ वर जातो. कसा, ते आता सांगते, कारण अध्यक्षांना सांगून झालं आहे आणि ते ऐकत नाहीत.

सगळी मेख नोंदणीच्या फॉर्ममध्ये असते. आमच्या जुन्या फॉर्मवर शेवटी एक मोकळा चौकोन होता: ‘आपल्याला कोणत्या विषयात रस आहे?’ मराठी माणसाला मोकळा चौकोन दिला की तो मोकळा होतो. उत्तरं अशी यायची: ‘सर्वच’. ‘निसर्ग’. ‘आपण चांगलं काम करत आहात, शुभेच्छा’. एकांनी वडिलांच्या कोकणातल्या बागेची हकिगत लिहिली होती. ती इतकी सुंदर होती की मी घरात मोठ्याने वाचून दाखवली, पण त्यांना कुठल्या खोलीत बसवावं हे काही तिच्यातून कळलं नाही. एकांचं उत्तर होतं, ‘कुठेही चालेल’. अशा उत्तरावर कधीही विसंबू नये. ज्याला घरी भाजी कुठलीही चालते, त्याला पानात दुधीभोपळा वाढून बघा.

आता फॉर्ममध्ये पाच विषय असतात: कीड, भाज्या, ओल्या कचऱ्याचं खत, फुलझाडं आणि पाणी. त्यांना पहिली, दुसरी, तिसरी पसंती द्यायची. गूगल फॉर्ममध्ये यासाठी खुणांचा तक्ता करता येतो. आडव्या ओळीत विषय, उभ्या रकान्यात पसंती. त्या तक्त्याच्या कोपऱ्यात तीन ठिपक्यांमागे `Limit to one response per column` अशी एक सोय आहे. ती चालू करायचीच. नाहीतर पाचही विषयांना पहिली पसंती देणारी उदार माणसं आपल्यात भरपूर आहेत. तिथेच `Shuffle row order` आहे, म्हणजे प्रत्येकाला विषय वेगळ्या क्रमाने दिसतात. हेही करायचं, कारण यादीत जे सगळ्यात वर असतं त्यावर टिचकी मारून पुढे जाणारे लोक असतात. त्यांची आवड त्यांच्या अंगठ्याच्या सर्वांत जवळ असेल ती.

तर ५२ जणांची पहिली पसंती अशी निघाली: कीड २१, भाज्या १७, खत ६, फुलझाडं ५ आणि पाणी ३.

हे आकडे बघून पहिला मोह होतो तो माणसं हलवण्याचा. पाच विषय, पाच खोल्या, प्रत्येकीत दहा-दहा. म्हणजे कीडवाल्या ११ जणांना उचला आणि पाण्यात टाका. आमच्या चिटणीसांनी हेच सुचवलं होतं. “सगळ्या विषयांना समान न्याय,” असं ते म्हणाले. आता विषयांना न्याय देऊन काय करायचं? पाण्याला काही वाईट वाटणार नव्हतं. वाईट वाटणार ते त्या ११ जणांना. माणसं हलवण्याआधी खोल्या हलवाव्यात. ज्या विषयाला गर्दी आहे त्याच्या दोन खोल्या करा, ज्याला कुत्रं विचारत नाही तो दुसऱ्यात मिसळा.

आधी खोली केवढी हवी ते ठरवावं. २५ मिनिटांत प्रत्येकाला तीन मिनिटं द्यायची म्हटलं तर सात माणसांची २१ मिनिटं होतात आणि चार मिनिटं ‘तुम्ही म्यूटवर आहात’ यासाठी उरतात. म्हणजे सात हे वरचं टोक. खालचं टोक चार, कारण तिघांत एकाचं नेट गेलं की उरलेले दोघं अनोळखी एकमेकांकडे बघत बसतात, आणि तेही कॅमेऱ्यात. चार ते सात यांत कितीही असले तरी चालतं. एका खोलीत पाच आणि दुसरीत सात असली म्हणून कुणी मोजायला येत नाही. समान संख्येचं वेड फक्त खोल्या करणाऱ्याला असतं, बसणाऱ्याला नसतं.

मग हजेरीचा अंदाज. फुकटच्या कार्यशाळेला नाव नोंदवलेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश लोक येतात, असा आमच्या मंडळाचा अनुभव. मॅच असेल तर त्याहून कमी. ५२ चे दोन तृतीयांश म्हणजे ३५ धरा. सहा-सहा माणसांच्या सहा खोल्या. कागदावर मात्र प्रत्येक खोलीत नऊ नावं लिहायची, म्हणजे प्रत्यक्षात सहा उरतात.

सहा खोल्यांची वाटणी अशी केली: किडीला दोन, भाज्यांना दोन, खताला एक, आणि फुलझाडं व पाणी मिळून एक. फुलझाडांना पाणी लागतंच, तेव्हा या मीलनाला कुणी हरकत घेतली नाही. दोन खोल्यांना ‘कीड-१’ आणि ‘कीड-२’ अशी नावं मात्र देऊ नयेत. कीड-२ मध्ये गेलेल्या प्रत्येकाला वाटतं की जाणकार माणसं सगळी कीड-१ मध्ये बसवली आहेत. म्हणून आम्ही एकीला ‘मावा’ म्हटलं, म्हणजे रस शोषणारे सगळे, आणि दुसरीला ‘अळी’, म्हणजे पानं कुरतडणारे सगळे. भाज्यांच्या झाल्या ‘पालेभाजी’ आणि ‘फळभाजी’. कुणी कुठे जायचं हे कळावं म्हणून फॉर्मवर एक छोटा प्रश्न ठेवला होता: ‘सध्या सगळ्यात जास्त त्रास कशाचा?’ बहुतेकांनी मावा, अळी, पिठ्या ढेकूण असं लिहिलं. तिघांनी लिहिलं, ‘कबुतरं’. एकांनी लिहिलं, ‘खालच्या मजल्यावरचे’. कबुतरं आम्ही अळीत बसवली, ती निदान पानं खातात. खालच्या मजल्यावरच्यांसाठी अजून खोली निघालेली नाही.

आता हिशेब बघा. नऊच्या दोन खोल्या म्हणजे किडीला १८ जागा, मागणारे २१. तीन जास्त. भाज्यांनाही १८ जागा, मागणारे १७, एक जागा मोकळी. खतात सहा, तीन जागा मोकळ्या. फुलं-पाण्यात आठ, एक मोकळी. हलवायची माणसं फक्त तीन.

कोणती तीन? चिटणीस म्हणाले, “शेवटी नाव नोंदवलेली तीन.” आपल्याकडे रांगेवर फार श्रद्धा. पण शेवटी आलेल्यांपैकी एका काकूंनी कीड सोडून दुसरं काही मागितलंच नव्हतं आणि सगळ्यांत आधी नाव नोंदवलेल्या गृहस्थांची दुसरी पसंती खत होती. गृहस्थ खतात गेले तर त्यांना थोडं कमी आवडेल. काकू खतात गेल्या तर त्या कार्यशाळा सोडतील आणि जाताना सांगून जातील. म्हणून विचारायचं ते एवढंच: पहिल्या पसंतीवरून हलवलं तर कुणाचं सर्वांत कमी बिघडतं? मी त्याला गुण देते. पहिली पसंती मिळाली तर शून्य नाराजी, दुसरी मिळाली तर एक, तिसरी मिळाली तर तीन, आणि न मागितलेलं मिळालं तर दहा. सगळ्यांची नाराजी मिळून कमीत कमी व्हायला हवी. किडीच्या २१ जणांत दुसरी पसंती खत असलेले दोघं होते, ते खतात गेले. भाज्या दुसऱ्या पसंतीला असलेले बरेच होते, त्यांतले एक भाज्यांच्या मोकळ्या जागेवर गेले. एकूण नाराजी तीन. ४९ जण पहिल्या पसंतीत, तिघं दुसऱ्या पसंतीत, नको तिथे कुणीच नाही.

शनिवारी रात्री साडेनऊला फोन आला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, “ताई, नोंदणी बंद झाली का हो? आमच्या बहिणीला घ्या ना. तिला फक्त कीड.”

त्रेपन्नाव्या! किडीच्या दोन्ही खोल्या भरलेल्या. मोकळ्या जागा कुठे? खतात एक आणि फुलं-पाण्यात एक. बहिणीला खतात बसवलं तर नाराजी एकदम दहा. किडीतल्या कुणाला खतात हलवावं, तर खत दुसऱ्या पसंतीला असलेले दोघं आधीच तिथे जाऊन बसलेले. उरलेल्यांची दुसरी पसंती भाज्या किंवा फुलं. फुलंवाल्यांपैकी एकाला हलवता आलं असतं, पण ती शेवटची जागा मी दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी उपटेल म्हणून राखून ठेवली होती. भाज्याही भरलेल्या. इथे मुंबईच्या लोकलचं ज्ञान कामी येतं. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायचं असतं तेव्हा तो खिडकीपाशी जात नाही. तो कडेच्याला म्हणतो ‘जरा सरका’, तो मधल्याला म्हणतो, मधला खिडकीवाल्याला म्हणतो, आणि प्रत्येक जण दोन-दोन इंच सरकला की चौथा बसतो. तसंच किडीतल्या एकाला त्याच्या दुसऱ्या पसंतीच्या भाज्यांत सरकवलं, भाज्यांतल्या एकाला त्याच्या दुसऱ्या पसंतीच्या खतात सरकवलं आणि किडीत बहिणीची सोय झाली. दोघांची एक-एक नाराजी, एकूण दोन. दहाच्या जागी दोन.

हे काही मी शोधलेलं नाही. अशी सरकासरकी करत सगळ्यांत स्वस्त वाटणी काढायची रीत हॅरल्ड कून या अमेरिकन गणितज्ञाने १९५५ साली मांडली आणि तिला ‘हंगेरियन पद्धत’ म्हटलं, कारण तिचा पाया क्योनिग आणि एगेरवारी या दोन हंगेरियन गणितज्ञांनी घातला होता. पाचशे माणसं असतील तर ती संगणकाकडून करून घ्यावी. पन्नास असतील तर एक्सेल आणि चहा पुरतो. एका रकान्यात प्रत्येकाची ठरलेली खोली लिहायची आणि बाजूला प्रत्येक खोलीसाठी असं एक सूत्र टाकून ठेवायचं:

```
=COUNTIF(F:F,"मावा")
```

माणूस हलवला की आकडा आपोआप बदलतो. नऊच्या वर गेला की कळतं.

या व्यवस्थेत एक छिद्र आहे आणि ते आमच्या सभासदांनी दुसऱ्याच कार्यशाळेत शोधून काढलं. ज्यांनी दुसरी पसंती लिहिली तेच हलवले जातात, ज्यांनी ‘फक्त कीड’ लिहिलं ते जागचे हलत नाहीत. मग शहाणा माणूस काय करेल? दुसरी पसंती लिहिणारच नाही. पुढच्या फॉर्मवर ‘फक्त कीड’वाल्यांची संख्या एकदम वाढली. किडीचा प्रादुर्भाव एवढ्यात तर वाढला नव्हता. अशी चलाखी शाळाप्रवेशातही चालते. अमेरिकेत बॉस्टन शहरात मुलांना शाळा नेमून देण्याची जी पद्धत होती, तिच्यात पहिली पसंती हुकली की पुढच्या चांगल्या शाळाही भरून गेलेल्या असायच्या. त्यामुळे पालक खऱ्या आवडीची शाळा पहिली लिहायचं टाळून मिळण्यासारखी शाळा पहिली लिहू लागले. शेवटी २००५ साली तिथे ती पद्धत मोडीत काढली. आपल्याकडे अकरावीच्या केंद्रीय प्रवेशाचा पसंतीक्रम भरताना अख्खं घर रात्री जेवणाच्या ताटावर बसून जे डाव टाकतं, ते पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आम्ही तीन पसंत्या सक्तीच्या केल्या. आणि दोघांचं सारखंच बिघडत असेल तर चिठ्ठी टाकायची, आणि ती अध्यक्षांनी उचलायची, म्हणजे दोष त्यांचा.

विषय जमले, संख्या जमली, तरी एक खोली अशी निघते की तिच्यात सगळेच नवखे. सात जण एकमेकांना विचारतात, ‘तुमच्याकडे पण पिवळी पडतात का पानं?’ आणि सात जण म्हणतात, ‘हो ना!’ मग समाधानाने शांत बसतात. म्हणून प्रत्येक खोलीत एक-दोन मुरलेली माणसं हवीत. ती ओळखायची कशी? आधी आम्ही विचारायचो, ‘आपला अनुभव १ ते ५ मध्ये सांगा’. गच्चीवर पंचवीस वर्षं वांगी पिकवणाऱ्या आजींनी स्वतःला २ दिले. गेल्या महिन्यात बाल्कनीत कोथिंबीर टाकलेल्या तरुणाने ५ दिले, आणि खाली लिहिलं, ‘मार्गदर्शन करायला आवडेल’. तेव्हापासून प्रश्न बदलला: ‘सध्या घरी किती कुंड्या आहेत आणि त्यांतली सगळ्यात जुनी किती वर्षांची?’ कुंड्यांबद्दल माणसं सहसा नम्रही नसतात आणि फुशारकीही मारत नाहीत. आजींच्या ११० कुंड्या निघाल्या. तरुणाची एक. तीही कुंडी नव्हती, श्रीखंडाचा डबा होता.

आता वाटेल की झालं. पण इथवर आपण फॉर्मवरची माणसं वाटली, आणि फॉर्मवरची माणसं आणि रविवारी सकाळी पडद्यावर उगवणारी माणसं वेगळी असतात.

झूममध्ये आधीच खोल्या ठरवून ठेवता येतात. एक छोटी फाइल चढवायची, इतकंच:

```
Pre-assign Room Name,Email Address
Mava,pahila@example.com
Ali,dusra@example.com
Khat,tisra@example.com
```

यात मेख दुसऱ्या रकान्यात आहे. झूम माणसाला ओळखतं ते ईमेलवरून, आणि तेही माणूस त्याच ईमेलने झूममध्ये लॉगिन करून आला असेल तर. आमच्याकडे नोंदणी होते सुनेच्या ईमेलवरून, लिंक येते मुलाच्या व्हॉट्सअॅपवर आणि सासरे उगवतात नातवाच्या टॅबवरून, ‘डायनोसॉर लव्हर’ या नावाने. फाइलमधला सासऱ्यांचा ईमेल बिचारा मावा खोलीत त्यांची वाट बघत राहतो. डायनोसॉर लव्हर मुख्य सभेत एकटे उरतात आणि कुणी हाक मारली तर ओ देत नाहीत, कारण ते नाव त्यांचं नाही.

जोडप्यांचा प्रश्न निराळा. नोंदणी दोन नावांची, पसंती दोन. काकांना खत, काकूंना गुलाब. लॅपटॉप एक. एका लॉगिनला एकच खोली मिळते. अशा वेळी कागदावर ती दोन माणसं न धरता एक धरायची आणि कुणाच्या पसंतीने जायचं ते विचारायचं. मी एकदा विचारलं. काका म्हणाले, “आम्हा दोघांनाही गुलाबच आवडतात.” मागून काही आवाज आला नाही. उलट काही माणसं एकटीच असून दोनदा येतात, फोनवर चित्र आणि लॅपटॉपवर आवाज. त्यांना चुकून दोन खोल्यांत टाकलं तर एका खोलीत ते बोलतात आणि दुसऱ्या खोलीत दिसतात.

म्हणून फाइलवर विसंबणं मी सोडून दिलं आहे. आदल्या दिवशी प्रत्येकाला व्हॉट्सअॅपवर खोलीचा क्रमांक जातो आणि आल्या आल्या आपल्या नावाआधी तो लावायला सांगते. म्हणजे ‘३ सुलभा’, ‘५ पाटील’. त्यासाठी `Rename` कुठे आहे हे दाखवणारं एक चित्रही पाठवते. निम्मे लोक करतात. तेवढं पुरतं. उरलेल्यांना वक्ते बोलत असताना एकेक करून विचारून घेते. सुरुवातीचं मनोगत वीस मिनिटांचं असतं ते याचसाठी, हे अजून वक्त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

या वीस मिनिटांत खरी वाटणी होते. कागदावर नऊ नावं लिहिली म्हणजे सहा येतील, हे सरासरीने खरं. पण खोली सरासरीने भरत नाही. प्रत्येक जण येण्याची शक्यता दोन तृतीयांश धरली, तर नऊ नावांच्या खोलीत तीन किंवा त्याहून कमी माणसं उरण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास निघते. चार टक्के ऐकून अध्यक्ष निश्चिंत झाले. पण खोल्या सहा आहेत. सहांपैकी एखादी तरी अशी ओस पडण्याची शक्यता जवळजवळ २३ टक्के होते, म्हणजे साधारण चार कार्यशाळांमागे एकीत. आणि हे माणसं एकमेकांशी न ठरवता गैरहजर राहतात असं धरून. एकाच सोसायटीतल्या चौघी मैत्रिणी एकाच लग्नाला जातात तेव्हा गणित वेगळं होतं.

गेल्या खेपेला फुलं-पाण्यात आठांपैकी तीनच उरले. इंजिनिअर, त्यांची ठिबक सिंचनाची नळी आणि गुलाबवाले ते काका-काकू. ही तीन लॉगिनं कशी झाली ते विचारू नका, नळीला वेगळा कॅमेरा होता. चाराच्या खाली गेलेली खोली मोडायची हा नियम आधीच ठरलेला. इथे दुसऱ्या पसंतीचा रकाना पुन्हा उघडायचा. इंजिनिअरसाहेबांची दुसरी पसंती भाज्या, तेव्हा ते नळीसकट फळभाजीत गेले. तिथे टोमॅटोला पाणी किती, यावर गाडी अडलीच होती. काका-काकू खतात. काकांच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी हसू दिसलं.

हे सगळं खोल्या उघडण्याआधी करायचं. एकदा माणसं आत गेली, ‘मी अमुक, मी तमुक’ झालं, की कुणालाही हलवू नये. संख्या कितीही वाकडी दिसू दे. एकदा चिटणीसांनी खोल्या सुरू असताना समानता साधायला अळीतून दोघांना पालेभाजीत पाठवलं. दोघंही वाक्याच्या मध्यात होते. त्यांतल्या एकांनी पालेभाजीत पोचल्यावर वाक्य तिथूनच पुढे चालू केलं, “…म्हणून मग मी ती रात्री टॉर्च घेऊन मारली.” पालेभाजीत बराच वेळ शांतता होती.

उशिरा येणाऱ्यांसाठी मात्र जागा ठेवावी लागते. ते पसंतीच्या दोन-तीन खोल्यांपैकी जी सर्वांत लहान असेल तिच्यात जातात, आणि सात झाले की ती खोली बंद. `Let participants choose room` अशीही सोय आहे, ज्याने त्याने आपली खोली निवडावी. एकदा करून पाहिली. आवडीचा प्रश्न शंभर टक्के सुटला. मावा खोलीत १९ जण जमले, खतात एक गृहस्थ एकटे कॅमेऱ्याकडे बघत होते आणि सात जण मुख्य सभेतच बसून राहिले. त्यांना विचारलं, “आपण कुठे जाणार?” सातही जण म्हणाले, “तुम्ही सांगाल तिथे.”

वेळ संपली की खोल्या बंद करायचं बटण दाबते. झूम आतल्या लोकांना एक मिनिटाची मुदत देतं आणि पडद्यावर सेकंद उलटे मोजू लागतं. २४ मिनिटं न बोललेला माणूस नेमका या मिनिटात बोलायला सुरुवात करतो. यावर नोंदणीच्या कुठल्याही प्रश्नाने उपाय होत नाही. मी दहा मिनिटं उरली असताना सर्व खोल्यांत संदेश पाठवते, ‘जे अजून बोलले नाहीत त्यांना आता बोलू द्या’. तो वाचून आधी बोललेला माणूस म्हणतो, “हो हो, बोला ना तुम्ही,” आणि त्यांनी काय बोलावं हे सांगतो.

पुढच्या महिन्याच्या कार्यशाळेचा फॉर्म कालच पाठवला. पाच विषय, तीन पसंत्या सक्तीच्या, कुंड्यांची संख्या, सगळं आहे. फक्त शेवटी ‘आणखी काही सांगायचं आहे का?’ असा एक मोकळा चौकोन अध्यक्षांच्या आग्रहाखातर पुन्हा ठेवला. आतापर्यंत नऊ उत्तरं आलीत. सात जणांनी त्या चौकोनात एकच गोष्ट लिहिली आहे: विषय कुठलाही चालेल, मागच्या वेळचाच गट द्या. ते सात जण मागच्या वेळी चार वेगवेगळ्या खोल्यांत होते. त्रेपन्नाव्या बहिणीचाही फोन येऊन गेला. या वेळी त्यांना मावा नको, अळी हवी.